उपवासाची कढई

२००३ सालच्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी मुलचेऱ्याच्या तहसील कार्यालयाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये कढईत एक साबुदाणा वडा फुटला. तेल उडालं ते दोघांच्या अंगावर. तळणाऱ्या बाईच्या उजव्या मनगटावर, आणि फळीपलीकडे वड्याची वाट पाहत उभ्या असलेल्या अव्वल कारकुनाच्या मानेवर. कारकुनाची जखम लहान होती. बाईच्या मनगटावर फोड आले. कार्यालयात दिवसभर चर्चा झाली ती कारकुनाच्या मानेची.

कॅन्टीन एका महिला बचतगटाकडे होतं. पावसाळ्याच्या तोंडावरच त्यांनी ते घेतलं होतं. टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी बांबूच्या कामट्यांचा ताटवा, समोर सागाची जाड फळी, फळीच्या आत मातीची भट्टी. लाकडं वनविभागाच्या डेपोजवळून येत. मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. तहसील आणि पंचायत समिती या दोन ठिकाणांहूनच माझ्या बहुतेक बातम्या निघत, आणि मधला वेळ या छपराखाली जाई. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी फळीच्या अलीकडे बसून पाहिलेलं किंवा ऐकलेलं आहे. जे ऐकीव आहे ते कोणाकडून कळलं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

गटाची अध्यक्ष गावातल्या जुन्या शेतकरी घरातली सून होती. घरी विहीर, दारात ट्रॅक्टर. बोलणं थोडं आणि शेवटचं. सचिव तिच्याच नात्यातली, वयाने लहान, हुकूम पाळणारी. तळायला होती ती बौद्ध मोहल्ल्यातली बाई. गट निघण्याआधी तिने आलापल्लीला बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात काही वर्षं कढई सांभाळली होती. नवऱ्याला तिकडे लाकूड वाहतुकीचं काम होतं. ते सुटलं आणि दोघं परत आले. गटात तिला घेतलं ते तळण्यासाठीच. भजी, आलूबोंडा, पोहे हे रोजचं. तिची भजी खायला पंचायत समितीतले लोक रस्ता ओलांडून येत. कॅन्टीनमधली मोठी लोखंडी कढई आणि लांब दांड्याचा झारा तिच्या घरचे होते. आलापल्लीहून येताना तिने ते सोबत आणले होते.

उपवासाच्या दिवशी मात्र कामाची वाटणी वेगळी होती. साबुदाणा अध्यक्षबाईच्या घरी भिजायचा, आलू तिच्याच घरी उकडायचे, शेंगदाण्याचं कूटही तिथेच व्हायचं. डबे भरून सकाळी कॅन्टीनमध्ये यायचे. तळणाऱ्या बाईने फक्त मळून, थापून, तळायचं. कढई तिची असली तरी त्या दिवशी ती अध्यक्षबाई स्वतः राखेने घासून घ्यायची, आणि तेल नवीन ओतायची. कांदाभजीचं तेल उपवासाला चालत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. साबुदाणा घरीच का भिजवायचा, हे कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

पहिली तक्रार कॅन्टीन घेतल्यावरच्या पहिल्याच उपवासाला, आषाढी एकादशीला आली होती. वडे तेलकट. कागदावर ठेवला की कागद आरपार दिसायचा. अव्वल कारकून दर उपवासाला चार वडे खात असे. त्याने त्या दिवशी दुसरा वडा अर्धा ठेवला आणि फळीवरून आत सरकवला.

"वडा दे म्हटलं होतं, तेलाची वात नाई मागितली," तो म्हणाला.

 अध्यक्षबाई मागे उभी होती. तिने उत्तर दिलं.

"बाबूजी, पुढच्या खेपेले नाई होणार तसं. मी बोलते तिले."

ती बोलली ते सगळ्यांसमोर. आच मंद ठेवतेस म्हणून तेल पितात, हे तिचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तेल पुरेसं तापलेलं नसलं की वड्याला वरून कवच धरत नाही, आणि तोवर तो तेल ओढत राहतो. बाईने आच मंदच ठेवली होती. लाकडं मागे ओढून, निखाऱ्यावर. का, ते तिने तेव्हा सांगितलं.

"बाई, गोळा लय ओला आहे. हातालेच चिकटून राह्यला. आच वाढवली तं फुटते."

"साबुदाणा काही आज भिजवला नाई आम्ही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उपवास आहे."

"मी भिजवू का रात्री? पाणी किती घालते तुम्ही?"

"साबुदाण्याच्या बरोबरीनं. त्याच्यावर बोटभरही नाई. तू मले काऊन शिकवून राह्यली?"

पाणी बरोबरीनं, हे बरोबर होतं. धुऊन घेतलेल्या साबुदाण्यात त्याच्या पातळीइतकंच पाणी ठेवायचं, रात्रभर झाकायचं, सकाळी पाणी सगळं शोषलेलं असतं आणि दाणा सुटा असतो. पावसाळ्यात हवेनेच साबुदाणा थोडा दमट असतो, तेव्हा पाणी पातळीच्याही किंचित खाली. बाईने ते ऐकून घेतलं. उत्तर बरोबर असेल तर गोळा ओला का, हे तिला कळलं नाही.  त्या दिवशी तिने उरलेले वडे त्याच मंद आचेवर काढले.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिने आच वाढवली. तक्रार तेलकटपणाची होती, म्हणून. आधी गोळ्यातला चिमूटभर तुकडा टाकून पाहिला. तो बुडाला, तळाला टेकला, आणि बुडबुड्यांसह वर आला. तेल बरोबर होतं. पहिला घाणा निघाला, रंग चांगला आला. कार्यालय सुरू होण्याआधीची गर्दी होती. दुसऱ्या घाण्यातला एक वडा वर आला, फुगला, आणि बाई झारा घालेपर्यंत फुटला. ओल्या गोळ्यात पाणी अडकलेलं असतं. वरचं कवच लवकर धरलं की आतल्या वाफेला वाट राहत नाही. मंद आचेवर कवच धरत नाही म्हणून वडा फुटत नाही, पण तेल पितो. तेज आचेवर तेल पीत नाही, पण फुटतो. ओला गोळा हातात आला की तळणाऱ्याला या दोनपैकी एक निवडावं लागतं. तिने दोन्ही निवडून पाहिलं होतं, आणि दोन्हीसाठी बोलणी खाल्ली होती.

कारकून मानेवर ओला रुमाल धरून होता. तो मोठ्याने बोलला नाही. तो अध्यक्षबाईला म्हणाला, "गट चालवता का बॉम्ब बनवता? साहेबाच्या कानावर गेलं तं कॅन्टीन बंद होईल."

"बाबूजी, हात पाहा ना तिचा," अध्यक्षबाई म्हणाली. "उपवासाचं करायचा हात नाई तो."

बाईने मनगट पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवलं होतं. सचिवने फळीवरच्या बशा गोळा केल्या आणि पुसायला लागली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. त्या सकाळी राहिलेला गोळा तसाच घरी परत गेला.

दुसऱ्या सोमवारी बाईने आपल्या परीने सावरायचा प्रयत्न केला. डबा आल्या आल्या तिने साबुदाणा परातीत पसरला. तिने विचारलं, स्वच्छ कपड्यावर थोडा वेळ घालू का, वरचं पाणी टिपलं जाईल. अध्यक्षबाईने विचारलं, कपडा कोणाचा. बाई म्हणाली, धुतलेला आहे, माझा. अध्यक्षबाई म्हणाली, गरज नाही.

मग तिने कूट वाढवायला मागितलं. कूट ओल धरतं. पण ते मोजून आलेलं होतं आणि जास्तीचं आणायला घरी जावं लागलं असतं. राजगिऱ्याचं पीठ मागितलं. ते आमच्याकडे उपवासाला चालतं, पण विकतचं दळलेलं चालत नाही, असं उत्तर आलं. आलू उकडलेले होते ते अजून गरम होते. गरम आलू कुस्करून घातला की वाफेने गोळा आणखी सैल पडतो. तिने ते फळीवर मोडून, पसरून गार होऊ दिले. त्यात वेळ गेला, आणि फळीपलीकडची माणसं घड्याळ पाहायला लागली.

"अवं, पूजा मांडली का आत?" पंचायत समितीतला एक शिपाई म्हणाला.

"मांडू दे," दुसरा म्हणाला. "मंत्र म्हणूनच वडे टाकते ती. बुद्धं शरणम् गच्छामि."

हसले ते तिघे-चौघे. अध्यक्षबाई हसली नाही. तिने त्यांना थांबवलंही नाही. बाई आलू मोडत राहिली.

त्या दिवशी तिने वडे नेहमीपेक्षा चपटे थापले. हाताला पाणी न लावता तेल लावलं, कारण पाण्याचा हात लावला की वड्याला आणखी एक थर पाणी चढतं. प्रत्येकाच्या मधोमध बोटाने भोक पाडलं, वाफेला वाट म्हणून. कडेच्या भेगा दाबून बुजवल्या. एका वेळी कढईत चारच सोडले. जास्त टाकले की तेल एकदम थंड पडतं. टाकल्यावर लगेच झारा घातला नाही. खालची बाजू घट्ट होईपर्यंत थांबली, मग उलटले. एकही वडा फुटला नाही. पण गोळा मुळातच ओला होता. दोन-तीन वड्यांच्या कडा सुटल्या, दाणे तेलात पसरले आणि काळे झाले, आणि बाकीचे पहिल्या खेपेइतके नाही तरी तेलकटच निघाले. काळ्या दाण्यांनी तेल खराब व्हायला लागलं, ते ती झाऱ्याने काढत राहिली.

तोच शिपाई वडा घेऊन गेला आणि परत आला. वडा त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला होता. फळीशी उभं राहून त्याने तो मुठीत दाबला. कागदातून तेल फळीवर गळलं. मग कागदासकट वडा आत, भट्टीजवळ टाकला.

"धरा. कंदिलात घाला."

बाईने तो उचलला आणि निखाऱ्यात टाकला. तेलाने जाळ वर आला. ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरचा असता तं तुम्ही खाल्ला असता." शिपाई काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही. अध्यक्षबाईने मात्र बाईला म्हटलं ते ऐकू आलं: "गिऱ्हाइकाशी तोंड चालवू नको. पुढच्या सोमवारी तू कढईवर बसायचं नाई. सचिव बसन. तू भांडे घासजो."

तो निर्णय एका दिवसापुरता नव्हता, हे बाईला समजलं होतं. गटातल्या कामांत तळण्याचं काम तिचं होतं, आणि गटात ती त्याच कामामुळे होती. सचिवला तळता येऊ लागलं की रोजची कढईही जायची. तसं तिने दोन दिवसांनी मला आणि चहा पिणाऱ्या आणखी एकाला सांगितलं, भजी काढता काढता, कोणाकडे न पाहता. "वड्यावरून मले कढईवरून उठवून राह्यले. भज्यावरून उठवता येत नाई ना."

तिसऱ्या सोमवारी सचिव कढईवर बसली. ती घाबरलेली होती. डोक्यावरचा पदर तिने दोन वेळा मागे सारला, चेहरा कढईपासून लांब धरला आणि वडे लांबूनच सोडले. सोडताना तेल उडालं, पण तेवढंच. वडे वर आले, सगळीकडून सारखे तांबूस झाले, आणि एकही फुटला नाही. कागदावर डाग पडला तो पुसटसा. आत दाणा मऊ, वर कुरकुरीत. अव्वल कारकुनाने चार खाल्ले आणि दोन घरी नेले. अध्यक्षबाई त्या दिवशी कशालाही हात न लावता बाजूला उभी होती. जाताना तो तिला म्हणाला, "हे झाले वडे."

बाई मागे हंड्याजवळ बसून भांडी घासत होती. परात तिच्याकडे घासायला आली, तिच्या काठाला गोळ्याचा थोडा भाग आणि काही सुटे दाणे लागलेले होते. तिने एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबला. तो पूर्ण चपटा झाला, मधे कडक कण राहिला नाही, आणि बोटाला चिकटला नाही. दुसरा दाबला. तोही तसाच. तिने परात तशीच बाजूला ठेवली. घासली नाही.

दुपारी कार्यालयात सामसूम झाली तेव्हा छपराखाली गटाची बैठक भरली. बैठक आधीच ठरलेली होती. गटातल्या बायका जमल्या. अध्यक्षबाईची सासूही आली होती. ती गटात नव्हती. दुपारी घरी कोणी नसतं म्हणून ती कधीमधी येऊन बसे. मी आणि पंचायत समितीतला एक ग्रामसेवक बाकावर होतो. आम्हाला कोणी उठायला सांगितलं नाही.

अध्यक्षबाईने सुरुवात केली. आज सगळ्यांनी पाहिलं, असं ती म्हणाली. साबुदाणा तोच, आलू तेच, तेल तेच, भट्टी तीच. हात बदलला आणि वडे सुधारले. यापुढे उपवासाच्या दिवशी सचिव तळेल आणि रोजचंही हळूहळू तिनेच शिकून घ्यावं. तिने कोणाला काही विचारलं नाही, फक्त सगळ्यांकडे एकदा पाहिलं. दोन बायकांनी माना हलवल्या.

तळणारी बाई परात घेऊन पुढे आली.

"एक विचारू का, बाई? आजचा साबुदाणा कोणी भिजवला?"

"घरीच भिजला. दर वेळी भिजते तसा."

"कोणी भिजवला, ते विचारून राह्यली."

 उत्तर सासूने दिलं. तिला यात काही लपवण्यासारखं वाटलं नसावं.

"म्या भिजवला. हे काल बाजूला बसली होती ना. तिले शिवता येत नाई तं कोण भिजवन?"

"आई, तुम्ही मधे नका बोलू," अध्यक्षबाई म्हणाली.

"काऊन? भिजवला तं भिजवला."

बाईने सासूकडे वळून विचारलं, "माय, कसा भिजवला?"

"कसा म्हणजे? संध्याकाळी आंग धुतलं, साबुदाणा धुतला, बरोबरीचं पाणी ठेवलं, झाकला. सकाळी डब्यात भरला."

"सकाळी पाणी घातलं?"

"सकाळी कायले पाणी? लगदा होते ना."

मग सासूने सुनेकडे पाहिलं. पुढचं ती सहज म्हणाली, सुनेवर आरोप करायचा तिचा विचार असावा असं वाटलं नाही. "हे घालते सकाळी. म्या किती खेपा सांगतलं. म्हणते रात्रीचा पारोसा आहे, उपवासाले चालत नाई. आंघोळ करून येते, विहिरीचं पाणी काढते, आन् साऱ्या साबुदाण्यावरून घालते. मग चाळणीत उपसते आन् डब्यात भरते."

पारोसा म्हणजे आंघोळीआधीचा. रात्री भिजवलेला साबुदाणा अध्यक्षबाईच्या हिशेबाने आंघोळीआधीच्या हाताचा होता. उपवासाला तो चालावा म्हणून सकाळी न्हाऊन त्याच्यावरून ताजं पाणी फिरवायचं, ही तिची पद्धत होती. तिच्या लेखी हे भिजवणं नव्हतं, शुद्ध करणं होतं. म्हणूनच पाणी किती, या प्रश्नाला तिने आषाढीला दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. पण रात्रभर पुरेसं पाणी पिऊन बसलेल्या दाण्यावर पुन्हा पाणी घातलं की दाणा वरून विरघळतो, चिकट होतो. चाळणीत उपसलं तरी मधलं पाणी निघत नाही, आणि झाकणाच्या डब्यात भरलं की तेही गोळ्यात जातं.

बैठकीत हे कोणी असं मांडून सांगितलं नाही. गरज नव्हती. बसलेल्या सगळ्या बायका घरी साबुदाणा भिजवणाऱ्या होत्या. एकीने दुसरीकडे पाहिलं. सचिव भट्टीतल्या राखेकडे पाहत होती.

बाईने परात फळीवर ठेवली.

"हे पाहा सगळ्यायनं. दाबून पाहा. आज असा साबुदाणा मले भेटला असता तं मीही असेच वडे काढले असते. मले आषाढीपासून लगदा देऊन राह्यले, आन् हात माहा वाईट."

कोणी दाबून पाहिलं नाही. मान हलवलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, "बाई, मंग सकाळचं पाणी बंद करून टाका. वादच मिटते."

अध्यक्षबाईचा आवाज चढला नाही.

"सकाळचं पाणी बंद होणार नाई. उपवासाचं पारोसं मी कोणाले खाऊ घालत नाई."

"मंग वडे फुटतीन."

"फुटू दे. मी एकदाच सांगते. साबुदाणा काही का असो. उपवासाचं तुह्या हातचं लोकाय्‌ले नाई चालत. मलेही नाई चालत. आजपर्यंत चालवून घेतलं."

 ग्रामसेवकाने बाकावरची पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

"हे आषाढीलेच सांगायचं होतं," बाई म्हणाली. "मनगट तं नसतं भाजलं."

"तू गटात होती. गटाचं म्हणून चालवलं."

"भजे चालतात माह्या हातचे. तुमच्या घरी मागच्या गणपतीले माह्या हातचे भजे गेले."

"भजे उपवासाले नाई खात कोणी."

सासू मध्येच म्हणाली, "अवं, एवढ्यासाठी कायले भांडून राह्यल्या? पाणी नका घालू सकाळी." 

बाईने भट्टीवरची कढई उतरवली. तेल अजून कोमट होतं. ते तिने गटाच्या डब्यात ओतलं, कढई कागदाने पुसली, झारा आत ठेवला आणि कढई कमरेवर घेतली. अध्यक्षबाई म्हणाली, गटाच्या कामात आणलेलं सामान गटाचं असतं. बाई म्हणाली, असं असेल तर तुमची विहीर पण गटाची. मग ती ताटव्याच्या फटीतून मागच्या बाजूने निघून गेली. पुढच्या बाजूला, फळीसमोर, कार्यालयातले तीन-चार लोक उभे होते.

गटाच्या सभासदत्वाचा राजीनामा तिने दिला नाही. पण त्यानंतर ती बैठकीला आली नाही. पुढे तिचं नाव कमी केलं, हे मला सचिवकडून कळलं.

कॅन्टीनसाठी नवी कढई आली, अॅल्युमिनियमची, पातळ. पातळ बुडाची कढई लवकर तापते आणि लवकर निवते. लाकडाच्या भट्टीवर तिच्यात आच एका जागी ठेवणं अवघड जातं. चौथ्या सोमवारी साबुदाणा अध्यक्षबाईने भिजवला होता. सकाळी विहिरीचं पाणी घातलं होतं की नाही, हे मी पाहिलेलं नाही. सासूने नंतर गावात सांगितलं की घातलं होतं. डबा उघडल्यावर सचिवने हात घातला आणि काढून घेतला. ती अध्यक्षबाईला काही बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मग तिने गोळा मळला. तेलातून धूर निघत होता. तिने लाकडं मागे ओढली, पण भट्टीतले निखारे निवायला वेळ लागतो आणि समोर माणसं उभी होती. पहिल्याच घाण्यातले दोन वडे एकामागून एक फुटले. सचिवच्या गालावर, हनुवटीखाली आणि हातावर तेल पडलं. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. गालावरचा डाग राहिला. मी मुलचेरा सोडलं तोपर्यंत तो दिसत होता.

त्या दिवशी अव्वल कारकून फळीजवळ नव्हता. तो कार्यालयाच्या दारात उभा होता, आणि कॅन्टीनकडे न येता परत गेला.

त्यानंतरच्या एकादशीला कॅन्टीनमध्ये उपवासाला केळी आणि शेंगदाणे होते. पुढच्या वर्षी कॅन्टीन दुसऱ्या एका माणसाकडे गेलं. गट फुटला की नुसता थांबला, याबद्दल गावात दोन मतं होती.

तळणाऱ्या बाईने दिवाळीनंतर बसथांब्यासमोर हातगाडी लावली. कढई तीच, लोखंडी. भट्टीऐवजी घासलेटचा पंपाचा स्टोव्ह, त्यामुळे आच हातात होती. तिची भजी खायला पंचायत समितीतले लोक आता थोडं लांब चालून जात. वडा दाबून दाखवणारा शिपाईही जात असे. बाई त्याला भजी देत असे. त्याच्याशी बोलत नसे.

महाशिवरात्रीला सकाळी मार्कंड्याच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या थांब्यावर थांबल्या होत्या. उपवास असलेली माणसं खाण्याचं काही शोधत होती. अव्वल कारकून घरच्यांसोबत त्यांच्यात होता. तो हातगाडीपाशी आला आणि साबुदाणा वडा आहे का, असं त्याने विचारलं.

"नाई," बाई म्हणाली. "आलूबोंडा आहे, मिरची भजी आहे."

"आज उपवास आहे."

"माहीत आहे, बाबूजी."

"साबुदाणा भिजवत जा ना. आजच्या दिवशी हातोहात गेला असता."

"उपवासाचं मी करत नाई."

तिने स्टोव्हला दोन पंप मारले आणि बेसनात मिरच्या बुडवल्या. कारकून समोरच्या दुकानातून केळी घेऊन गाडीत बसला. त्या हातगाडीवर साबुदाणा वडा मी मुलचेरा सोडेपर्यंत तळला गेला नाही.